फक्तबाईंची पट्टी

बँकेतल्या आमच्या विभागात त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. चेकवर रक्कम अक्षरी लिहिली की शेवटी ‘फक्त’ लिहितात, म्हणजे पुढे कोणाला काही घुसडता येऊ नये. बाई प्रत्येक चेकची ती ओळ पुटपुटत वाचायच्या आणि शेवटचा शब्द जरा जोरात पडायचा. ‘बारा हजार सातशे फक्त.’ ‘नऊशे पन्नास फक्त.’ सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत हेच. म्हणून त्या फक्तबाई. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी नऊ वर्षं काढली आणि त्यातली निदान आठ वर्षं दातओठ खात काढली.

आमचं काम बाहेर सांगितलं तर लोकांना पटत नाही. त्यांना वाटतं, चेक भरला की तो कागद एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जातो. कागद कुठेच जात नाही. जिथे भरला तिथेच त्याचा फोटो काढतात आणि तो फोटो आमच्या पडद्यावर येतो. ज्याच्या खात्यातून पैसे जायचे त्याची बँक आम्ही. तारीख घातलेली आहे का, ती पुढची किंवा फार जुनी नाही ना, आकड्यातली आणि अक्षरातली रक्कम एकच आहे का, सही आहे का, ती आमच्याकडच्या नमुन्यासारखी आहे का, हे बघायचं आणि ‘पास’ नाहीतर ‘परत’ दाबायचं. परत केला तर कारण लिहायचं. दुपारी पावणेचारला परत करायच्या चेकची यादी बंद होते. तोवर जो चेक परत केला नाही तो पास झाला असं सगळ्या बँका धरून चालतात. मग तुम्ही तो बघितलेला असो की नसो.

काम सोपं आहे आणि त्यातच त्याची खोड आहे. शंभरातले अठ्ठ्याण्णव चेक बरोबर असतात. त्यामुळे डोळ्याला बरोबर बघायची सवय लागते. पडद्यावर चेकच्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत आकडा छापून येतो, तो आधी डोळ्यात शिरतो, आणि मग अक्षरी ओळ वाचताना आपण ती वाचत नाही, तोच आकडा पुन्हा तिथे बघतो. हे मला बाईंनी सांगितलं. मी तेव्हा हसलो होतो.

बाई आमच्याकडे येण्याआधी एका छापखान्यात अकरा वर्षं होत्या. तिथे त्यांचं काम मोठ्याने वाचायचं. लेखकाचा मूळ कागद त्या वाचणार आणि समोरचा माणूस छापलेल्या मजकुरावर बोट फिरवत जाणार. एकाने ऐकायचं, एकाने वाचायचं. म्हणजे एकाच्या डोळ्याची चूक दुसऱ्याच्या कानात अडकते. छापखाना बंद पडला, नवरा आधीच गेलेला, पदरात लेक. कुठल्याशा एजन्सीमार्फत त्या आमच्या बँकेत कंत्राटावर लागल्या. दरवर्षी नवा करार, दरवर्षी मार्च आला की बाईंच्या डब्यातली भाजी अर्धी उरायची.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून एक पट्टी केली. बोटभर रुंद, वीतभर लांब. ती चिकटपट्टीने पडद्यावर अशी लावली की आकडा झाकला जावा. आधी अक्षरी ओळ पुटपुटायची, मग पट्टी बोटाने उचलून आकडा बघायचा. मग तारीख. मग सही. दर चेकला पट्टी वर, पट्टी खाली. त्या पट्टीचा टकटक आवाज आणि तो ‘फक्त’. माझ्या डोक्याची पार मंडई व्हायची.

पण खरं ते सांगायला हवं. नऊ वर्षांत बाईंच्या हातून एकही चुकीचा चेक सुटला नाही आणि बरोबर चेक विनाकारण परत गेला नाही. एकदा एका चेकवर सहीच दिसेना. काळ्या-पांढऱ्या फोटोत सहीची जागा स्वच्छ कोरी. मी म्हटलं, “बाई, सही नाही, करा परत.” त्या म्हणाल्या, “थांबा भाऊ, करड्या फोटोत बघू.” त्याच चेकचा राखाडी छटांतला फोटोही येतो, पण तो उघडायला वेगळं बटण दाबावं लागतं, म्हणून आम्ही शक्यतो तिकडे फिरकत नाही. उघडला तर फिक्या निळ्या शाईची लांबलचक सही होती. काळ्या-पांढऱ्यात शाई उडून गेली होती. तो एका कारखान्याच्या पगाराचा चेक होता. मी तो परत केला असता आणि घरी जाऊन शांत झोपलो असतो.

मी बाईंच्या वर. म्हणजे पगाराने आणि कामाने. दोन लाखांपासून वरचा चेक एकट्याने पास करायचा नाही, असा नियम आहे. बाईंनी पास केलेले मोठे चेक दुसऱ्या तपासणीसाठी माझ्या पडद्यावर यायचे, त्यावर बाईंची हिरवी खूण असायची, आणि मी पुन्हा सगळं बघून ‘पास’ दाबायचं. पुन्हा सगळं बघून. हे तीन शब्द लक्षात असू द्या, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यामुळे झालं.

यंदा जानेवारीत आमच्याकडे नवे साहेब आले. माणूस वाईट नाही, पण हातातलं घड्याळ बघितल्याशिवाय त्यांना कोणाशी बोलता येत नाही. म्हणून घड्याळसाहेब. त्यांनी पहिल्या महिन्यात प्रत्येकाचा तासाचा आकडा काढला. बाकीचे दीडशे-एकशे साठ चेक बघत होते, बाई एकशे दहा. साहेबांनी कारण विचारलं. बाईंनी पट्टी दाखवली. साहेबांनी ती नाकाजवळ धरून बघितली आणि परत दिली.

त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर एक चिठ्ठी गेली. शेजारी सतत पुटपुटल्यामुळे आणि टकटक आवाजामुळे इतरांच्या कामात व्यत्यय येतो, अशी. खाली नाव नव्हतं. ती मी लिहिली होती. त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

साहेबांनी बाईंना बोलावलं, चिठ्ठी पुढे ठेवली. पंधरा दिवसांची मुदत दिली. पट्टी नको, आवाज नको, तासाला दीडशेची सरासरी दाखवा, नाहीतर करार पुढे चालणार नाही. बाई बाहेर आल्या, खुर्चीवर बसल्या, पट्टी नखाने हलकेच सोडवली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. पडद्यावर चिकटपट्टीचा एक डाग राहिला. लेकीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. शिक्षण पुरं व्हायला अजून दहा महिने लागणार होते आणि घरात पगार एकच होता, बाईंचा. हे विभागात सगळ्यांना माहीत होतं, मलाही.

चौदा दिवस शांततेत गेले. इतकी शांतता मला नऊ वर्षं हवी होती, आणि मिळाल्यावर मी दर दहा मिनिटांनी शेजारी वळून बघत होतो. बाईंचे ओठ हलायचे, आवाज नाही. आकडा वाढत गेला. एकशे तीस, एकशे पंचेचाळीस, एकशे साठ. पंधराव्या दिवशी सकाळी साहेब स्वतः येऊन सांगून गेले की आजचा दिवस असाच गेला तर सरासरी बसते, संध्याकाळी कागदावर सही करतो. बाई हसल्या. खूप दिवसांनी हसल्या.

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी काम आटोपलं होतं. यादी बंद व्हायला अजून पस्तीस मिनिटं होती. मी बाटली भरायला उठलो तर बाई पाण्याच्या यंत्रापाशी उभ्या होत्या. पेला भरून वाहत होता आणि त्यांचं लक्ष नव्हतं.

“बाई, पाणी.”

त्यांनी नळ बंद केला. “भाऊ, एक चेक चुकलाय.”

“कोणता?”

“ते आठवत नाही. अक्षरं थोडी होती आणि आकडा लांब होता. डोळ्याला तेव्हाच खुपलं होतं. पण हाताने पास दाबलं.”

“अहो, चार लाख फक्त लिहिलं तरी अक्षरं थोडीच होतात. आकडा लांबच दिसणार.”

“तसं असेल तर बरंच आहे.” त्यांनी पेला तसाच ठेवला. “पण नक्की नाही. साडेअकरा ते साडेबारामधला होता. बाहेर ड्रिलचा आवाज चालू होता, तेवढं आठवतं.”

मी हळू आवाजात विचारलं, “कळतंय ना, काय होईल ते?” पडद्यावर चेक तासातासाच्या गठ्ठ्याने येतात, आणि पास झालेला गठ्ठा पुन्हा उघडला की त्यातले सगळे चेक न बघितलेले धरले जातात. त्या दिवसाचा आकडा कोसळतो. म्हणजे सरासरी बसत नाही, म्हणजे साहेबांची सही होत नाही. आणि न उघडता गप्प बसलं तर कदाचित काहीच चुकलेलं नसेल. चुकलं असलं तरी खातेदाराच्या लक्षात येऊन तक्रार होईपर्यंत करार झालेला असेल. मी हे सगळं बोललो. अगदी असंच बोललो. माझी मलाच आज लाज वाटते.

बाईंनी पदराने हात पुसले. “कोणाच्या तरी खात्यातून जातील हो ते. तो माणूस आत्ता कुठेतरी निवांत बसला असेल.” एवढं म्हणून त्या सरळ साहेबांच्या केबिनकडे गेल्या.

मी मागोमाग गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं, घड्याळ बघितलं. तीन सोळा. “चेक नंबर?”

“माहीत नाही.”

“रक्कम? खातं?”

“माहीत नाही साहेब. जुळत नाहीये एवढं माहीत आहे.”

“म्हणजे तुम्हाला वाटतंय.”

“हो. वाटतंय.”

साहेबांनी पुन्हा घड्याळ बघितलं. मग म्हणाले, “गठ्ठा उघडला तर मला तुमचा आजचा आकडा खोटा दाखवता येणार नाही. समजून सांगताय ना?”

“समजून सांगतेय. उघडा.”

साडेअकरा ते साडेबाराच्या गठ्ठ्यात एकशे एकोणसत्तर चेक होते. साहेब म्हणाले, एवढे पुन्हा बघायला तासाहून जास्त लागेल, हातात अर्धा तासही नाही. बाई म्हणाल्या, सगळं बघायचं नाही, फक्त अक्षर आणि आकडा. एकाने यादी धरायची, एकीने वाचायचं. छापखान्यात करायचो तसं. “पण मोठ्याने वाचावं लागेल साहेब. परवानगी असेल तर.”

तेव्हा मला बोलायची अवदसा आठवली. मी म्हणालो, “आणि दोन लाखांच्या वरचे सोडून द्या. ते पंचवीसेक असतील. ते दुसऱ्या तपासणीत माझ्याकडे आले होते.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. “तुम्ही बघितले होते ना, भाऊ?”

“हो,” मी म्हटलं.

त्या ‘हो’ला अर्धा सेकंदही लागला नाही. बाईंनी मान डोलावली. त्यांनी विश्वास ठेवला.

साहेबांनी गठ्ठा उघडला. आकड्यांची यादी छापून आली. मोठे चेक बाजूला काढून एकशे त्रेचाळीस उरले. बाईंनी ड्रॉवर उघडला, पट्टी काढली आणि चिकटपट्टीच्या जुन्या डागावरच लावली. तीन वीस झाले होते.

“पाच हजार दोनशे फक्त.”

“पाच हजार दोनशे. बरोबर.”

“एकोणीस हजार फक्त.”

“बरोबर.”

हॉलमधल्या बाकीच्या माना वळल्या. कोणी हसलं नाही. बाईंचा आवाज आधी जरा चिरका होता, मग मोकळा झाला. छापखान्यात अकरा वर्षं असाच लागत असेल. ना घाई, ना थांबा. मी यादीवर पट्टी धरावी तशी पेन्सिल आडवी धरली होती आणि एकेक ओळ खाली सरकवत होतो. चाळीस झाले. साठ झाले. साहेब मागे उभे होते आणि पहिल्यांदाच हातातल्या घड्याळाकडे बघत नव्हते, भिंतीवरच्याकडे बघत होते.

ब्याऐंशीव्या चेकला बाई थांबल्या. मी पेन्सिल जागेवरच दाबून धरली.

“तारीख नाही,” त्या म्हणाल्या. “थांबा.” करडा फोटो उघडला. तारखेच्या चौकटीत फिकट आकडे होते, सगळे आठही. “आहे. पुढे. सातशे तीस फक्त.”

“बरोबर.”

शंभर झाले. एकशे वीस. चुकीचा एकही निघाला नाही. आणि जसजशी यादी संपत आली तसतसा माझा आवाज बारीक होत गेला, कारण मला आता कळत होतं तो कुठे आहे. बाईंनी शेवटचा वाचला. मी ‘बरोबर’ म्हटलं. तीन एकोणचाळीस.

साहेबांनी श्वास सोडला. “झालं. भास होता तुमचा.”

बाई पडद्याकडे बघत होत्या. चेहरा अगदी पांढरा. दिवसाचा आकडा गेला होता, करार गेला होता, आणि चूकही सापडली नव्हती. “असेल,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्हाला उगीच त्रास दिला, भाऊ.”

त्या जर रागावल्या असत्या तर मी कदाचित गप्प बसलो असतो. माझा स्वभाव मला माहीत आहे.

“साहेब,” मी म्हटलं, “मोठे चेक मी बघितले नव्हते.”

“काय?”

“पास दाबत गेलो. बघितले नाहीत. बाईंची हिरवी खूण असली की मी बघत नाही. नऊ वर्षं बघत नाही.”

साहेब काय म्हणाले ते मी इथे लिहीत नाही. ते रास्त होतं आणि थोडक्यात होतं. माझा गठ्ठा उघडायला माझा पासवर्ड लागत होता आणि त्यांचाही. मी पासवर्ड चुकवला. पुन्हा घातला. पुन्हा चुकवला. तिसऱ्यांदा चुकला असता तर माझा पडदा बंद झाला असता आणि तो उघडेपर्यंत पावणेचार वाजून गेले असते. बाईंनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. “सावकाश,” त्या म्हणाल्या. “एकेक अक्षर म्हणा आणि दाबा.” मी पासवर्ड पुटपुटत घातला. उघडला.

तीन बेचाळीस. सव्वीस चेक. आता यादी छापायला वेळ नव्हता. बाईंनी पट्टी माझ्या पडद्यावर नेली, आकडा झाकला, माझ्या खुर्चीच्या कडेला टेकल्या आणि वाचू लागल्या. प्रत्येक ओळीनंतर मी पट्टी उचलत होतो.

“दोन लाख पंधरा हजार फक्त.”

“बरोबर.”

“सहा लाख फक्त.”

“बरोबर.”

“दोन लाख नव्वद हजार चारशे फक्त.”

“बरोबर.”

अकरावा चेक. अक्षर थरथरतं, म्हाताऱ्या हाताचं, पण सुवाच्य. बाईंनी वाचलं, “चाळीस हजार फक्त.”

मी पट्टी उचलली. खाली आकडा होता चार लाख. चेकवरच्या चौकटीतही चार लाखच, शेवटचं शून्य चौकटीच्या रेघेला टेकलेलं.

अक्षरी रक्कम खरी धरावी असं कायदा म्हणतो, पण आमच्याकडे त्यावर आपण अंदाज बांधायचा नाही, चेक परत करायचा. मी ‘परत’ दाबलं. कारणांची यादी उघडली. सही जुळत नाही, सही नाही, तारीख नाही, तारीख जुनी. माझं बोट खाली सरकत होतं. ‘अक्षरी व अंकी रक्कम जुळत नाही.’ दाबलं. साहेबांनी आपल्या यंत्रावरून मंजुरी दिली. तीन चव्वेचाळीस. पडद्यावर चेकच्या कडेला लाल पट्टा आला. उरलेले पंधरा चेक बघायच्या आत यादी बंद झाली. त्या पंधरांचं आम्ही नंतर वाचन केलं. नशिबाने सगळे बरोबर होते.

खातेदार कोण होता ते दुसऱ्या दिवशी कळलं. शाखेतून त्यांना फोन केला होता. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात, खात्यात सगळे मिळून चार लाख अकरा हजार. छपराच्या दुरुस्तीसाठी चेक लिहिला होता. त्या तिथे येऊन आधी शाखेवरच चिडल्या, माझा चेक परत करायची तुमची हिंमत कशी झाली म्हणून. मग फोटो दाखवल्यावर खुर्चीवर बसल्या म्हणे. जास्तीचं शून्य त्यांच्याच हातून पडलं की नंतर कोणी टाकलं, हे ठरवणं आमचं काम नाही. चाळीस हजारांचा नवा चेक त्यांनी तिथेच लिहून दिला.

चेक परत केला त्याच संध्याकाळी साहेबांनी चुकांची वही काढली. तिच्यात दोन रकाने असतात, पहिली तपासणी आणि दुसरी तपासणी. बाईंनी पहिल्यात आपलं नाव आधीच लिहून ठेवलं होतं, आणि समोर ‘पट्टी न लावता तपासले’ असंही. दुसऱ्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. समोर काय लिहावं ते सुचेना. शेवटी ‘तपासले नाही’ एवढंच लिहिलं. नऊ वर्षांत मी त्या वहीत लिहिलेलं ते पहिलं खरं वाक्य असावं.

माझी बढती थांबली. ती थांबायलाच हवी होती. बाईंच्या कराराचा कागद साहेबांच्या टेबलावर चार दिवस पडून होता. मी रोज जाता-येता बघत होतो, सहीची जागा कोरी. त्या चार दिवसांत बाईंनी डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही. पाचव्या दिवशी साहेब कागद घेऊन बाहेर आले आणि “पट्टी राहू द्या” एवढं म्हणून तो बाईंच्या टेबलावर ठेवून गेले. बाईंनी तो सवयीने तपासला. मुदत, अक्षरात आणि आकड्यात, एक वर्ष. तारीख होती. सही होती. मग त्यांनी तो घडी करून पिशवीत ठेवला आणि तोंडावर पदर धरून कितीतरी वेळ तशाच बसल्या. मी यादीत डोकं घालून बसलो होतो, पण मला काही दिसत नव्हतं.

सोमवारी सकाळी आलो तर माझ्या कळफलकावर एक पट्टी ठेवलेली होती. नव्या पुठ्ठ्याची, कडा नीट कापलेल्या. शेजारी बाईंचं काम सुरू झालं होतं. मी पट्टी उचलली, उलटसुलट बघितली.

“आकडा झाकायचा आणि मोठ्याने वाचायचं,” बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “आधी लाज वाटते. मग जाते.”

“बाई, बाकीच्यांना आवाजाचा त्रास झाला तर?”

बाईंनी पट्टी खाली सोडली, टक्. “यावेळी चिठ्ठी मला लिहा, भाऊ. तुमचं अक्षर मी नऊ वर्षं वाचतेय.”

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मी पट्टी पडद्यावर लावली, पहिला चेक उघडला आणि वाचायला लागलो. आधी नुसतेच ओठ हलले. मग आवाज फुटला.

“तीन लाख वीस हजार,” मी वाचलं.

“फक्त,” शेजारून बाई म्हणाल्या.